重要, 重启, 重置 : अपडेटच्या नोटिशीतलं 重 काय सांगतं?

सांगलीकर : भाऊ शेन्झेनला नोकरीला आहे. त्याचा जुना फोन त्याने आईला दिला. फोनची भाषा इंग्रजी करून ठेवली आहे, तरी सिस्टम अपडेट आलं की माहिती चिनीतच येते. आजची नोटीस अशी :

```
安全补丁 2024-11-01   612MB
修复部分应用闪退问题
升级前请备份重要数据
电量低于30%时无法升级
稍后        立即重启
```

数据 म्हणजे डेटा, एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यानेच घाबरलोय. आईचे सगळे फोटो त्यात आहेत. शिवाय 重 हे अक्षर दोनदा दिसतंय, तिसऱ्या आणि शेवटच्या ओळीत. दोन्हीकडे अर्थ एकच का?

रिपेअरवाला_मिरज : दादा, 重 म्हणजे रीस्टार्ट. दुकानात असे फोन येतात, मी रोज बघतो. उजवीकडचं बटण दाबा, काही होत नाही.

शब्दवेडा : 'अपडेट'ला 'अद्यतन' म्हणावं की 'अद्ययावत करणे'? माझ्या मते 'अद्यतन' नाम म्हणून बरं, पण क्रियापद करताना अडखळायला होतं. 'फोन अद्यतनला' कोण म्हणणार?

सांगलीकर : शब्दवेडा, तो धागा वेगळा काढा की. इथे आईचे फोटो टांगणीला लागलेत.

चिनी_दुभाषी : मिरजकरांचा सल्ला या बटणापुरता बरोबर आहे, नियम म्हणून मात्र नाही. 重 हे एक अक्षर, पण उच्चार दोन. 'जोंग' म्हटलं तर जड, महत्त्वाचं. 'छोंग' म्हटलं तर पुन्हा. तुमच्या तिसऱ्या ओळीतलं 重要 पहिल्या गटातलं, म्हणजे 'महत्त्वाचं'. पूर्ण ओळ अशी : अपडेट करण्याआधी महत्त्वाच्या डेटाची प्रत काढून ठेवा. इथलं क्रियापद 备份, म्हणजे बॅकअप. डेटा जाणार असं ही ओळ म्हणत नाही. ही सूचना जवळजवळ प्रत्येक अपडेटसोबत येते.

बटणातलं 重启 दुसऱ्या गटातलं. 启 म्हणजे उघडणं, सुरू करणं. म्हणून 立即重启 म्हणजे 'आत्ताच रीस्टार्ट करा' आणि डावीकडचं 稍后 म्हणजे 'नंतर'.

धोका आहे तो 重置 मध्ये. तिथेही 重 'पुन्हा'च, पण 置 म्हणजे मांडणं, बसवणं. म्हणजे रीसेट. 重 बघून बटण दाबायचं ठरवलंत, तर रीस्टार्ट आणि रीसेट यांत फरकच उरणार नाही. नजर दुसऱ्या अक्षरावर ठेवा. 启 मध्ये खाली एक रिकामा चौकोन दिसतो. 置 मध्ये वर आडवा, खिडकीच्या गजांसारखा भाग असतो आणि त्याखाली उभी, भरगच्च रचना.

रिपेअरवाला_मिरज : मान्य. पण नुसतं 重置 असेल तरी सगळं उडतंच असं नाही हां. नेटवर्क सेटिंगचं रीसेट असतं, त्यात वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोडण्या असलं काही जातं, फोटो नाही. मी घाबरतो ते 清除数据 ला आणि 恢复出厂设置 ला. पहिल्यात डेटा पुसला जातो, दुसऱ्यात फोन कारखान्यातून आला तसा होतो. अपडेट अर्धवट फसलं की फोन कधीकधी काळ्या स्क्रीनवरच्या मेनूत जातो. तिथे 重启 आणि 清除数据 एकाखाली एक येतात. गिऱ्हाईक तिथेच चुकतं आणि मग फोन घेऊन आमच्याकडे येतं.

चिनी_दुभाषी : हे महत्त्वाचं. त्या मेनूत स्क्रीनशॉट निघत नाही आणि फोनची भाषा इंग्रजी केलेली असली तरी तिचा उपयोग होईलच असं नाही. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने ती स्क्रीन भाषांतराच्या ॲपमध्ये धरा आणि वाचून होईपर्यंत कुठलंच बटण दाबू नका.

ओसाकाकर : जपानीत वेगळीच गंमत आहे. इथे रीस्टार्टला 再起動 म्हणतात, त्यात 重 येतच नाही. खरा सापळा 初期化. 初 म्हणजे पहिला, त्यामुळे माझ्या रूममेटला वाटलं की फोन पहिल्यांदा सुरू करताना असते तशी काही सेटिंग असेल. प्रत्यक्षात ते फॅक्टरी रीसेट. 更新 मात्र दोन्हीकडे अपडेटच.

सांगलीकर : हायसं वाटलं. मग दुसऱ्या ओळीत 闪退 काय आहे? ॲपने 'चमकून माघार' असं काहीतरी दिलं.

चिनी_दुभाषी : 闪 म्हणजे चमकणं, लखकन होणं, 退 म्हणजे मागे सरणं, बाहेर पडणं. ॲप उघडताच फटकन बंद पडतं ना, ते 闪退. ओळीचा अर्थ : काही ॲप आपोआप बंद पडत होती, ती अडचण दूर केली. ओळीच्या सुरुवातीचं 修复 म्हणजे दुरुस्त केलं. ते दिसलं की सहसा काळजी नसते.

चौथ्या ओळीत आकडाच सगळं सांगतो. चार्जिंग ३० टक्क्यांखाली असेल तर अपडेट होणार नाही.

रिपेअरवाला_मिरज : आकड्यांवरूनच अर्धं कळतं. पहिल्या ओळीतली तारीख सुरक्षा पॅचची. ती सहसा महिन्याच्या १ किंवा ५ तारखेची असते, म्हणून अपडेट डिसेंबरात आलं तरी गोंधळू नका. ६१२ एमबी म्हणजे बहुधा नेहमीचं छोटं अपडेट. तीन-चार जीबी दिसलं तर अँड्रॉइडची आवृत्तीच बदलत असेल, तेव्हा बॅकअप खरंच घ्या.

ओसाकाकर : आणि पुढून मागच्या आवृत्तीवर जायचं असेल तर?

चिनी_दुभाषी : मग 升级 ऐवजी 降级 दिसेल किंवा 回退. 升 वर चढणं, 降 खाली उतरणं. खाली उतरताना फोन बहुतेक वेळा डेटा पुसतो आणि इशाऱ्यात 清除 हा शब्द असतो. साध्या अपडेटच्या नोटिशीत 清除 आणि 数据 एकत्र दिसले, तर थांबा आणि कुणाला तरी विचारा. 清除缓存 असेल तर तो फक्त कॅशे, त्याने फोटो जात नाहीत.

सांगलीकर : फोटो लॅपटॉपवर घेतले. मग रीस्टार्ट केलं, सगळं शाबूत आहे. पण आता खाली एक नवीन ओळ आली आहे : 本次更新采用灰度发布. ॲप म्हणतं 'राखाडी छटेत प्रकाशन'. आईची स्क्रीन काळी-पांढरी होणार का?

रिपेअरवाला_मिरज : डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून एक राखाडी मोड असतो, त्याचं काहीतरी असेल.

चिनी_दुभाषी : नाही, स्क्रीनचा संबंध नाही. 灰度 हा त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा शब्द. नवीन आवृत्ती सगळ्यांना एकदम न देता आधी थोड्या फोनना देतात, गडबड झाली नाही तर पुढे वाढवतात. काळं आणि पांढरं यांच्या मधला टप्पा, म्हणून राखाडी. अर्थ इतकाच की तुमच्या आईला अपडेट आलं आणि भावाच्या तशाच फोनला आलं नाही, तर बिघाड समजू नये.

शब्दवेडा : याला मराठीत 'टप्प्याटप्प्याने वितरण' म्हणता येईल. 'हप्त्यांनी अपडेट' जास्त बोलीतलं वाटतं, पण हप्ता म्हटलं की लोकांना बँक आठवणार.

ओसाकाकर : 'हप्त्यांनी' नको. 'आधी थोड्यांना' एवढं लिहिलं तरी कळतं.

सांगलीकर : भावाला विचारलं, त्याच्या फोनवर अजून आलेलं नाही. आणखी एक. पुढच्या अपडेटच्या नावापुढे 内测版 लिहिलंय. 内 म्हणजे आत, एवढंच मला सापडलं.

चिनी_दुभाषी : आतल्या चाचणीची आवृत्ती. ती घेऊ नका. पण आईच्या फोनला ती का दिसतेय, हे फोन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. भावाने कधी चाचणीसाठी नाव नोंदवलं होतं का, विचारा.