मदत हवी आहे: पाचवीत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी ओळखीचे खेळ

नमस्कार. मी नागपूरच्या एका हायस्कूलमध्ये पाचवीला शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंतच्या छोट्या शाळांतून येतात. तिथे सगळे एकमेकांना ओळखायचे, इथे वर्गात साठ जण आणि ओळखीचं कोणीच नाही. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा पहिल्या दिवसाची तयारी आत्ताच करतेय.

गोल करून नाव सांगण्याचा खेळ साठ मुलांत चालत नाही. दहाव्या नावापर्यंत आधीची विसरलेली असतात आणि लाजरं मूल आपली पाळी येईपर्यंत नुसतं घाबरून बसतं. 'ज्याला पोहता येतं त्याला शोधा' असा तक्ता दिला की धीट मुलं भराभर सह्या गोळा करतात, बाकीची भिंतीला टेकून उभी राहतात.

म्हणून यंदा चित्रांचे चार-चार तुकडे करून वाटणार आहे. तुकडे जुळले की चौकडी तयार, म्हणजे 'मला घ्याल का?' असं कोणाला विचारावं लागत नाही. मग तीच चौकडी पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, ऑफिस आणि वाचनालय शोधून येईल. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी वेगळ्या मुलाने वाचायची.

अडचण दोन ठिकाणी आहे. एकाच जुन्या शाळेतली मुलं तुकडे बदलून एकत्र येतात, ते न रागावता कसं टाळता? आणि आठवडाभर उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलाला तयार चौकडीत कोणत्या खेळातून सामावून घेता? तुम्ही स्वतः वर्गात केलेलं असेल तर जरूर सांगा.