वही खोलीवर ठेवून फिल्डवर्क? एका पोस्टला उत्तर आणि पुढचा गोंधळ

सुमेध_प (मूळ पोस्ट): फिल्डवर्कला जाणारी पोरं दर पाच मिनिटांनी वही काढतात आणि समोरचा माणूस सावध होतो. माझं स्पष्ट मत: वही खोलीवर ठेवा, लोकांत राहा, मैत्री करा, परत आल्यावर लिहा. महत्त्वाचं ते लक्षात राहतंच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या नोंदी जळाल्या, तरी रामपुरा या गावावरचं पुस्तक उत्तम झालंच की! नोंदींचा एवढा बाऊ कशाला?

फडावरचा: श्रीनिवासांचं नाव असं वापरलेलं बघितलं की डोकं फिरतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्डला ते काम करत होते त्या संशोधन केंद्राला आग लावली गेली. त्यात जळाल्या त्या त्यांनी वर्षानुवर्षं बसून लावलेल्या, विषयवार काढलेल्या नोंदी, तिन्ही प्रतींसकट. गावात ते राहिले १९४८ साली, पुन्हा गेले १९५२ साली. मधल्या काळात त्याच नोंदींवरून लेख लिहिले, शिकवलं. मानववंशशास्त्रज्ञ सोल टॅक्सने 'आता आठवणीतून लिही' असं सुचवलं तेव्हा ती आठवण वीस-बावीस वर्षं नोंदींवर घासून तयार झालेली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्याची वही हरवली त्याची गोष्ट सांगून तुम्ही वही न काढणाऱ्याला पास करताय.

आता मुद्द्याचं. लोकांसमोर सारखी वही काढू नये, हे बरोबर. ते कुणी शिकवतही नाही. मी ऊसतोड टोळ्यांत होतो. फडात वही काढायला हातच मोकळा नसतो, मोळी उचलत असता तुम्ही. ट्रॅक्टर भरायची वाट बघताना, नाहीतर शेताच्या कडेला जाऊन, चार शब्द टिपायचे. एका दिवसाचं टिपण बघा (ओळख पटू नये म्हणून दोन टोळ्यांचे तपशील इथे मिसळलेत):

'ताप – ती बांधावर – तो एकटाच – मुकादम "बघू उद्या" – ५००? – वाढे दुसरीनं बांधले'

बस्स, एवढंच. त्याच रात्री, कुणाशीही त्यावर गप्पा मारायच्या आधी, याचं पानभर होतं. बाईला ताप होता, ती बांधावर बसली. नवरा एकटा तोडत होता, म्हणजे जोडीचा कोयता निम्माच चालला. मुकादम आला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बघू उद्या.' दंडाचा शब्द त्याने काढला नाही. ५०० रुपये खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाची कपात, पडणार, हे नवरा स्वतःच मला म्हणाला, मुकादम गेल्यावर. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या शेजारच्या कोपीतल्या बाईने तिच्यासाठी बांधल्या, कारण वाढे विकून येतात ते रोख पैसे त्या दिवसाचं मीठ-मिरची आणतात. माझा तर्क चौकटी कंसात वेगळा: [मुकादमाला बोलायची गरजच नव्हती?]

माझ्यासोबत तेव्हा फडावर एक मित्र होता. महिनाभराने तो हाच प्रसंग चहावर सांगत होता: 'मुकादमाने आजारी बाईला तिथल्या तिथे ५०० रुपये दंड ठोकला.' तो खोटं बोलत नव्हता. आठवण अशीच काम करते. दंड ठोकणारा मुकादम गोष्टीत बसतो. न ठोकता ज्याचा दंड माणूस स्वतःच स्वतःला लावून घेतो, तो मुकादम बसत नाही. मला तर उचलीचं, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाचं, सगळं राजकारण त्या 'बघू उद्या'तच सापडलं. तुमच्या पद्धतीत ते हरवलं असतं आणि हरवलंय हे कळलंही नसतं.

देशपांडे_गुरुजी: अगदी बरोबर! मी शिक्षक असताना जनगणनेची ड्यूटी केली आहे. तिथेही फॉर्म घरासमोरच भरायचा, घरी जाऊन आठवणीने भरायचा नाही, अशी सक्त ताकीद असे. काही सहकारी झाडाखाली बसून पन्नास घरं भरत. बोला!

फडावरचा: गुरुजी, आदर आहे, पण ते वेगळं. तुमच्या फॉर्मवर प्रश्न आधीच छापलेले होते. इथे प्रश्न कोणता, हेच दोन महिन्यांनी कळतं.

निनाद_के: ऊसतोडीचं उदाहरण छान, पण मूळ अडचण तशीच राहते. संशोधक आला की लोक वागणं बदलतात, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे नोंदी कितीही बारीक असल्या तरी त्या 'पाहुणा आल्यावरच्या घराच्या' नोंदी. शास्त्रशुद्ध मार्ग एकच, सुरुवातीचा सगळा डेटा बाद करा.

फडावरचा: अर्धं खरं. लोक बदलतात. पण नवरा-बायकोने मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडायचा असेल तर नाटक किती दिवस चालणार? पहिल्या आठवड्यात मी 'साहेब' होतो. बाया गप्प, मुकादम खाट टाकून द्यायचा. तो डेटा बाद कशाला करू? टोळीच्या डोक्यात वहीवाला माणूस म्हणजे कोण, तेच त्यात दिसतं.

आणि खरी अडचण नंतरची आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकाने वजनाची पावती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. दुसऱ्या दिवशी चार जण पावत्या घेऊन. पंधरवड्यात मी 'पावतीवाला' झालो. आधी लोक खेपांचा हिशोब दोरीला गाठी मारून, कोपीच्या कुडावर कोळशाच्या रेघा ओढून ठेवायचे आणि मुकादमाच्या आकड्यावर भांडायचे. ते भांडण मला बघायचं होतं. मी पावत्या वाचायला लागलो तशा रेघा बंद पडल्या. मुकादमाची खाटही बंद झाली. म्हणजे लोक माझ्याशी मोकळे झाले आणि त्याच दिवसापासून हिशोबाबद्दलच्या माझ्या नोंदी अंशतः माझ्याच कर्तृत्वाच्या नोंदी झाल्या. म्हणून मी रोजच्या पानाच्या माथ्यावर लिहायचो, आज कुणी कोणत्या नावाने हाक मारली, कुठे बसवलं, काय काम सांगितलं. नंतर वाचताना कोणतं पान कोणाच्या डोळ्यांनी लिहिलंय ते कळतं.

निनाद_के: म्हणजे डेटा दूषित झाला, हे तुम्ही मान्य करताय. धन्यवाद.

फडावरचा: हो, केलं मान्य. हार घाला.

मृण्मयी_जोशी: भूमिका बदलण्यावर मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचा वारीवरचा लेख कुणीच कसा आठवला नाही? (इंग्रजीत १९६२ साली आला.) दिंडीत सगळे एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात, पण ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. बाईंना ते खटकलं आणि त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, 'ताई' म्हणू लागल्या. असं सहभागी निरीक्षण हवं. वही-बिही दुय्यम. माणूस म्हणून मिसळता आलं पाहिजे.

आष्टीची_लेक: मृण्मयीताई, लेखाचा तो भाग पुढेही वाचा की. बायका म्हणतात, आम्ही पुण्याला तुझ्याकडे येऊ. तेव्हा एक तरुण पोरगी विचारते, तेव्हाही आमच्याशी अशीच वागशील का? बाईंना ते लागलं, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. तुम्ही गोड तेवढं घेतलं.

माझे आईवडील एक कोयता होते. मी कोपीत वाढले. आमच्याकडेही दोघं आले होते वही घेऊन. आई त्यांना भाकरी द्यायची. ते गेले ते गेलेच. काय लिहिलं, कुठे छापलं, आजतागायत माहीत नाही. तुमची चर्चा चाललीय की आठवण बरी का वही बरी. आमच्या बाजूने दोन्ही सारखंच.

मृण्मयी_जोशी: मी लेखाचं कौतुक केलं म्हणजे लगेच 'गोड तेवढं घेतलं'? त्या काळात एक प्राध्यापक बाई पायी पंढरपूरला जाते, पंगत मोडते, हे लहान आहे का? प्रत्येक धाग्यावर जात आणलीच पाहिजे का?

आष्टीची_लेक: पंगतीचा विषय तुम्ही काढलात, मी नाही. पंगतीत जातीशिवाय दुसरं काय होतं? मीठ?

आणि पंगत मोडली नाही, एक बाई उठून दुसरीकडे जेवली. पंगती दोनच राहिल्या. दोन्ही पंगतींना जाता येणं ही बाईंची सोय होती. पलीकडच्या बायकांना ती नव्हती. 'भूमिका बदलली' म्हणताना ती कोणाला बदलता येते, तेही लिहा.

देशपांडे_गुरुजी: आमच्या गावच्या दिंडीत आता सगळे एकत्रच जेवतात. उगाच जुनं उकरू नये.

रखडलेला_पीएचडी: तुमची भांडणं चालू द्या, पण आमच्याकडे हे सगळं सांगायची सोयच नाही. मी कोळीवाड्यात लिलावाच्या वेळी बसून नोंदी काढल्या, दीड वर्षाच्या वह्या भरल्या. समितीपुढे पहिला प्रश्न: 'सॅम्पल साइज किती?' दुसरा: 'प्रश्नावली कुठे जोडली आहे?' शेवटी ३०० जणांची प्रश्नावली भरून घेतली, पाच पर्यायांवर टिकमार्क. त्यात मासळी विकणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी 'समाधानी' वर टिक केली, कारण फॉर्म लवकर संपवायचा होता. प्रबंधात तक्ते तेवढे गेले. वह्या माळ्यावर.

सुमेध_प: बरं बाबा, वही खोलीवर ठेवू नका, खिशात ठेवा. झालं समाधान? पण आष्टीच्या ताईंनी माझाच मुद्दा पुढे नेलाय. वही असली की माणूस माहिती घेणारा होतो, नसली की निदान पाहुणा राहतो.

आष्टीची_लेक: नाही हो, मला तुमच्यात ओढू नका. वही न काढता मैत्री करून नंतर लिहिणारा तर जास्त वाईट. वहीवाला निदान दिसतो तरी. आई वहीवाल्यासमोर उचलीचा आकडा बोलायची नाही. तुमच्यासारख्या मैतराला सांगून बसली असती.

निनाद_के: हे मात्र पटलं. (दुर्मीळ घटना, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

आष्टीची_लेक: फडावरच्या दादांना विचारते. तुमच्या वह्या आता कुठे आहेत? त्यात नावं आहेत का?

फडावरचा: माझ्याकडेच आहेत. नावं रात्री लिहितानाच बदलायचो, खऱ्या नावांची यादी वेगळी ठेवली होती, ती काम संपल्यावर फाडली. मुकादमाने एकदा वही मागितली होती, 'काय लिहिता बघू.' त्याला पावत्यांच्या आकड्यांचं पान दाखवलं. बाकीचं दाखवलं नाही.

आष्टीची_लेक: टोळीत मुकादम एकच असतो. ताप आलेली बाईसुद्धा त्या दिवशी एकच असणार. नाव बदलून गावातलं कोण फसतं?

फडावरचा: कुणी नाही. म्हणून तो प्रसंग मी प्रबंधात घातला नाही. पुढच्या हंगामात त्यांना त्याच मुकादमाकडून उचल घ्यायची होती.

सुमेध_प: मग एवढं रात्री जागून लिहिलंत कशाला?

फडावरचा: कारण त्यानंतर मी 'दंड किती?' असं विचारणं बंद केलं आणि 'खाडा कुणी धरला?' असं विचारायला लागलो. प्रबंधात त्याची उत्तरं आहेत, बऱ्याच कोप्यांमधली, मिसळून.

आष्टीची_लेक: आणि त्या बाईला तुम्ही हे वाचून दाखवलं?

फडावरचा: तिला नाही. दुसऱ्या हंगामात ती टोळीत नव्हती. बाकीच्यांना एक प्रकरण वाचून दाखवलं. दोघांनी हिशोबातली चूक काढली, एकजण झोपला, आणि एका बाईने विचारलं की वाढ्याचा भाव का लिहिला नाही. तो लिहिला मग.

देशपांडे_गुरुजी: वाढ्याला हल्ली भाव काय आहे?