मदत हवी आहे: ए/सीएनके १.१३ आला म्हणून ग्रॅनाइट एस-टाइप म्हणायचा का?

मी पुण्यात एमएस्सी जिऑलॉजी करतोय. इथे जिकडे बघावं तिकडे बेसाल्ट, त्यामुळे प्रोजेक्टसाठी ग्रॅनाइट कर्नाटकातून आणला. एका नमुन्याचं विश्लेषण असं: सिलिका ७४ टक्के, Al₂O₃ १३.६, CaO ०.९, Na₂O ३.२, K₂O ४.७. मोलमध्ये ए/सीएनके १.१३ येतो. १.१ च्या वर म्हणजे एस-टाइप, म्हणजे गाळाचे खडक वितळून झालेला, असं पुस्तकी उत्तर.

पण पातळ छेदात थोडं हॉर्नब्लेंड दिसतंय, कॉर्डिएराइट नाही, मूळचं मस्कोव्हाइटही नाही. शिवाय बाकीच्या नमुन्यांत सिलिका वाढते तसा P₂O₅ घटतो. हे तर आय-टाइपचं लक्षण. फेल्डस्पार मात्र गढूळ, सेरिसाइट झालेला. माझा संशय असा की खडक कुजताना सोडियम-कॅल्शियम वाहून गेलं आणि आकडा फुगला.

हे सिद्ध कसं करू? ताज्या नमुन्याशी एलओआय ताडणं पुरेल का? आणि आमचे सर म्हणतात, रुबिडियम विरुद्ध इट्रियम+निओबियम आलेखात बिंदू ज्वालामुखी चापात पडतोय, तेवढं लिहून टाक. पण रुबिडियमही कुजण्यात हलतं, आणि तो आलेख बराचसा मूळ खडकाचाच वारसा दाखवतो ना? त्यावरून टेक्टॉनिक जागा ठरवावी का?