'चालू' कॉलममध्ये एका माणसाची किती कामं असावीत?

शब्दवेल्हाळ: मी घरून अनुवाद करते. माहितीपत्रकं, औषधांसोबतच्या पत्रिका, मधूनच एखादं पुस्तक. प्रत्येक कामाचं एक कार्ड करून ते बोर्डवर लावते; तिथे 'करायचं', 'चालू' आणि 'झालं' असे तीन कॉलम आहेत. 'चालू'मध्ये सध्या नऊ कार्डं आहेत आणि आठवड्याला साधारण तीन संपतात. मैत्रीण म्हणते, 'चालू'ला तीनची मर्यादा घाल, चौथं कार्ड आत घ्यायचंच नाही. पण नऊपैकी चार कामं क्लायंटच्या उत्तरासाठी अडली आहेत. एकट्या माणसाने अशी मर्यादा घालावी का?

हेल्पडेस्क_नाशिक: घालू नका. हा नियम टोयोटाच्या कारखान्यातून आला. तिथे ठरलेला भाग ठरलेल्या ठिकाणी जातो आणि पुढचा माणूस मागणी करेपर्यंत मागचा माणूस नवा भाग बनवत नाही. तुमची-माझी कामं तशी नसतात. मी एका कंपनीच्या आयटी सपोर्टमध्ये आहे. सकाळी मर्यादा तीन ठेवली तरी अकरा वाजता लेखा विभागाचा प्रिंटर बंद पडतो, साडेअकराला कुणाचं तरी खातं लॉक होतं. त्यांना काय सांगू, माझा कॉलम भरलाय? ज्याची कामं दुसरे लोक ठरवतात, त्याच्या बोर्डवर मर्यादा म्हणजे नुसता लाल रंग. आम्ही कामांच्या बोर्डसाठी जिरा हे सॉफ्टवेअर वापरतो, त्यात तेच होतं. आकडा ओलांडला की कॉलम लाल होतो, कार्ड मात्र आत जातंच.

एकाग्र: तीनसुद्धा जास्त आहेत. एकच ठेवा. हातातलं संपेपर्यंत दुसऱ्या कार्डाला हात लावायचा नाही. एका कामातून दुसऱ्यात गेलं की परत आल्यावर 'आपण कुठे होतो' हे शोधण्यातच वेळ जातो. अनुवादात तर जास्तच, कारण आधीच्या पानावर कुठली संज्ञा वापरली होती ते पुन्हा बघावं लागतं.

वेळापत्रक: मी बरीच वर्षं उत्पादन नियोजनात होतो आणि आता सॉफ्टवेअरच्या टीमना हेच शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकाग्र यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कामं बदलताना वेळ जातो हे खरंच. पण तो वेळ शून्य धरला तरी मर्यादेचा फायदा होतो, आणि तो कागदावर मांडून दाखवता येतो. समजा प्रत्येकी पाच दिवसांची तीन कामं आहेत. रोज एकेकाला हात लावत फिरलात, तर पहिलं तेराव्या दिवशी संपेल, दुसरं चौदाव्या आणि तिसरं पंधराव्या. एकामागून एक केलीत तर पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी संपतील. मेहनत तेवढीच. तिसऱ्या क्लायंटला एक दिवसही उशीर होत नाही, पहिल्याला मात्र आठ दिवस आधी काम मिळतं. तुमचं बिलही आठ दिवस आधी निघतं.

मग एकच का नको? कारण तुमच्या कामात मध्ये थांबे आहेत. पत्रिकेतल्या एखाद्या शंकेवर क्लायंटने तीन दिवस उत्तर दिलं नाही, तर मर्यादा एक असताना तुम्ही तीन दिवस रिकाम्या बसाल. म्हणून एकट्या माणसाला बहुधा दोन किंवा तीन जुळतं. एक हातात, आणि ते अडलं तर वळायला एखाद-दुसरं.

आता तुमचे आकडे. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला एक नियम आहे. चालू असलेली सरासरी कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एक काम सरासरी किती आठवडे चालू राहतं ते. तुमचे नऊ भागिले तीन, म्हणजे तीन आठवडे. 'चालू'मध्ये तीनच ठेवलीत आणि संपायचा वेग तोच राहिला, तर एक आठवडा. हेल्पडेस्क यांच्यासाठी एक गोष्ट: कामं एकसारखी असली पाहिजेत अशी या नियमाची अट नाही. येणारी आणि संपणारी कामं लांबच्या काळात सारखी असावी लागतात, एवढंच. बोर्ड दर महिन्याला फुगतच असेल तर हे गणित लागू पडत नाही.

हेल्पडेस्क_नाशिक: इथे हातचलाखी होतेय असं मला वाटतं. वेग तोच राहिला तर सहा कार्डं कुठे गेली? 'करायचं'मध्ये. क्लायंटने काम दिल्यापासून त्याच्या हातात पडेपर्यंतचे दिवस तेवढेच राहिले. थांबणं एका कॉलममधून दुसऱ्यात सरकवलंत, झालं.

वेळापत्रक: मुद्दा रास्त आहे. मर्यादेने हात भराभर चालत नाहीत, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फरक वेगळा आहे. 'करायचं'मधल्या कार्डावर अजून काही खर्च झालेलं नसतं. क्लायंटने काम रद्द केलं तर ते फाडून टाकता येतं, दुसरं काही तातडीचं आलं तर मागे ढकलता येतं. अर्धवट कामाचं तसं नसतं. शब्दवेल्हाळ यांनी पत्रिकेचा निम्मा अनुवाद केला आणि दरम्यान कंपनीने मूळ इंग्रजी मजकुराची नवी आवृत्ती पाठवली, तर केलेलं निम्मं पुन्हा तपासावं लागतं. काम जितके दिवस अर्धवट, तितका हा धोका जास्त. शिवाय चूक उशिरा कळते. डोसाच्या सूचनेतला एखादा शब्द क्लायंटला मान्य नाही, हे पहिली पत्रिका पोचल्यावर कळलं तर पुढच्या दोन वाचतात. तिन्ही एकदम पोचल्या तर तिन्हींत दुरुस्ती करावी लागते.

सुटसुटीत: अगदी पटलं. मी गेल्या वर्षी हेच केलं, तीन क्लायंटच ठेवले आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हटलं. पैसे थोडे कमी आले पण झोप लागायला लागली. शब्दवेल्हाळ, नाही म्हणायला शिका.

शब्दवेल्हाळ: सुटसुटीत, मला कामं कमी घ्यायची नाहीत. घेतलेल्यांपैकी एका वेळी किती उघडी ठेवायची, एवढाच प्रश्न आहे. काम नाकारणं मला परवडणारंही नाही.

काजबटण: मी ब्लाउज शिवते, एकटीचंच दुकान आहे. बोर्ड नाही, पण भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक पिशवीला चिठ्ठी. वेळापत्रक यांचं गणित मला लागू होत नाही. दहा ब्लाउजचं कटिंग मी एकदम करते. अस्तर एकदम, मग लाल दोऱ्याचे सगळे आणि त्यानंतर हिरव्या दोऱ्याचे. एकेक पूर्ण करायला घेतला तर दर वेळी मशीनचा दोरा आणि बॉबिन बदलायचं, कटिंगचं टेबल मोकळं करायचं, पुन्हा मांडायचं. निम्मा दिवस त्यातच जाईल. अर्धवट दहा असले तरी माझं काम झटपट होतं. नियम सगळ्यांना एकच कसा असेल?

वेळापत्रक: नसतोच. जिथे मांडामांडीला खरोखर वेळ लागतो तिथे कामं एकत्र करणंच योग्य. एक विचारतो, दहापैकी पहिला ब्लाउज गिऱ्हाइकाला कधी मिळतो?

काजबटण: आठवड्याच्या शेवटी, सगळे एकदमच. हुक-काज बाहेरून करून येतात, तिथे दोन दिवस जातात. लग्नसराईत त्यावरूनच वाद होतात, हे खरं आहे.

वेळापत्रक: मग दहाऐवजी चार-चारचे गठ्ठे करून बघा, दोऱ्याच्या रंगाप्रमाणेच. दोरा बदलणं फारसं वाढणार नाही आणि पहिले चार हुक-काजाला गेलेले असताना तुम्ही दुसरे चार शिवत असाल. बिघडलं तर लगेच कळेल: मांडामांडीतच दिवस जायला लागला की गठ्ठा फार लहान झाला.

काजबटण: चार नाही, सहा करून बघीन. अस्तराचं कापड एका वेळी कापलं की वाया कमी जातं. ते तुमच्या हिशोबात नाही.

शब्दवेल्हाळ: आज बसून नऊ कार्डं नीट बघितली. चार क्लायंटकडे अडली आहेत, त्यातलं एक बारा दिवसांपासून. उरलेल्या पाचांत एक अख्खं पुस्तक आहे, जे दोन महिने 'चालू'मध्येच राहणार. दोन माहितीपत्रकं, एक प्रूफ आणि एक कार्ड नुसतं 'दर कळवणे' एवढंच. मर्यादा तीन ठेवली तर त्यातली एक जागा पुस्तकच अडवून बसेल. आणि अडलेली चार मोजायची की नाही?

वेळापत्रक: पुस्तकाचं कार्ड 'चालू'मध्ये येताच कामा नये. 'प्रकरण 4, पहिला मसुदा' हे कार्ड. ते संपलं की 'झालं'मध्ये आणि पुढचं प्रकरण रांगेत. दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच काम एका कार्डात. 'दर कळवणे' दहा मिनिटांचं आहे, ते आत्ता करून टाका.

अडलेल्यांसाठी 'उत्तराची वाट' असा वेगळा कॉलम करा, पण त्यालाही मर्यादा हवी, समजा चार. नाहीतर कंटाळा आलेलं प्रत्येक कार्ड तिथे जाऊन बसतं. तिथे जाणाऱ्या कार्डावर तीन गोष्टी लिहा: कुणाकडे अडलंय, नेमकं काय विचारलंय आणि पुन्हा कधी विचारायचं. हे लिहिता येत नसेल तर ते कार्ड अडलेलं नाही, तुम्ही ते टाळताय. कॉलम भरला की नवं काम उघडण्याआधी सगळ्यात जुन्या कार्डाच्या क्लायंटला फोन करायचा. बारा दिवसांचं ते कार्ड एवढे दिवस पडून राहिलं, कारण शेजारी उघडायला नवं काम होतं.

आणि 'चालू'मधल्या कार्डावर रोज संध्याकाळी एक ठिपका द्या. सात ठिपके झालेलं कार्ड उचलून विचारा, हे मोठं आहे, अडलंय, की नकोसं झालंय? मर्यादा बरोबर आहे का ते यावरून कळतं. सारखं हातावर हात धरून बसावं लागलं तर तीनची चार करा. ठिपके वाढतच राहिले तर दोन.

एकाग्र: दुसऱ्या कॉलमला मर्यादा घातली, तिसरा तातडीचा काढला, की पुन्हा नऊ कार्डं झाली. माझं मत तेच आहे. एक.

हेल्पडेस्क_नाशिक: शब्दवेल्हाळ यांच्यासाठी हे ठीक वाटतंय, त्यांना क्लायंटला फोन तरी करता येतो. माझ्या बोर्डवर काय करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही.

वेळापत्रक: तुमच्याकडे दोन प्रकारची कामं एकाच कॉलममध्ये आहेत. खातं उघडणं हे वीस मिनिटांचं, ते मर्यादेत धरूच नका. त्याच्यासाठी दिवसातले ठरावीक तास ठेवा. सर्व्हर हलवणं, नवीन लॅपटॉपची तयारी, बॅकअपची चाचणी ही कामं मर्यादेत ठेवा, दोन पुरेत. खरंच सगळं बंद पडेल अशा घटनेसाठी एक जागा मर्यादेबाहेर ठेवा, पण एकच. ती रोज भरलेली दिसली तर तुमच्याकडे माणूस कमी आहे, आणि साहेबांना दाखवायला तोच बोर्ड कामी येईल.

हेल्पडेस्क_नाशिक: दाखवलाय. उत्तर आलं, 'मॅनेज करा.' ठरावीक तास ठेवायचे म्हटलं तर लेखा विभाग दारात येऊन उभा राहतो. मर्यादा पाळायला नाही म्हणायचा अधिकार लागतो आणि तो माझ्याकडे नाही. बॅकअपची चाचणी मात्र खरंच कित्येक आठवडे अर्धवट आहे. तेवढं एक कार्ड रोज सकाळी नऊ ते दहा, फोन सुरू व्हायच्या आत, करून बघतो.

शब्दवेल्हाळ: बारा दिवसांच्या क्लायंटला फोन केला. त्यांनी शंकांची मेल उघडलीच नव्हती, उद्या उत्तर देतो म्हणाले. सोमवारपासून 'चालू' तीन आणि 'उत्तराची वाट' चार. एक अजून कळत नाहीये: उत्तर आलं आणि त्या वेळी 'चालू' भरलेलं असेल, तर परत आलेलं कार्ड कुठे ठेवायचं?

वेळापत्रक: वाटच्या कॉलममध्येच सगळ्यात वर ठेवा. 'चालू'मधली पहिली जागा रिकामी झाली की आधी ते, मग 'करायचं'मधलं.

काजबटण: पण डेडलाइन दुसऱ्याच कार्डाची जवळ असेल तर?