मराठवाड्याच्या पावसात टेकवेअर: कामाचं की नुसतं दिसायला?

वाळूज_शिफ्ट
नोकरी वाळूजला, घर सिडकोत, रोज मोटारसायकल. जूनमध्ये राखाडी वॉटरप्रूफ शेल जॅकेट घेतलं. २०,०००चं आहे, सहा खिसे, छातीवर आडवे पट्टे. खिशा-पट्ट्यांचे असे शहरी वॉटरप्रूफ कपडे म्हणजे टेकवेअर, मला ते मनापासून आवडतं. पण परवाच्या पावसात घरी पोचलो तर आतला शर्ट पिळावा इतका ओला. जॅकेट खराब निघालं, की हे कपडे आपल्या हवेचेच नाहीत?

धारूरचा_मेंढका
वीस हजार रुपये घालून भिजायचं म्हणजे वाईट वाटलं. आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरं आहेत. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की दिवसभराची झड अंगावर काढता येते. लोकरीला मुळात तेल असतं, पाणी वरून ओघळून जातं, आणि थोडंफार मुरलं तरी ऊब जात नाही. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ती ताठ राहते आणि अंगाला चिकटत नाही. ही नवी जॅकेटं म्हणजे शेवटी प्लास्टिकच. रस्त्यावरच्या चारपाचशेच्या रेनकोटात आणि यात काहीच फरक नाही.

नांदेडची_शिलाई
दादा, तो आकडा रुपयांचा नाही, मिलिमीटरचा आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून तपासतात. २०,००० म्हणजे वीस मीटर, आपल्या बोलण्यात साठ-पासष्ट फूट खोल भरलेल्या विहिरीच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढा. पावसाचा थेंब एवढा दाब देत नाही. म्हणून पाणी सरळ कापडातून आलं असेल असं मला वाटत नाही. आलं असेल तर शिवणीतून, चेनीतून किंवा गळ्यातून. नाहीतर ते बाहेरून आलेलंच नाही.

वाळूजवाल्या भावा, आधी एक कर. जॅकेट हँगरला लाव, आत कोरडी वर्तमानपत्रं ठासून भर, बाह्यांतसुद्धा. सगळ्या चेनी लाव, टोपी बांध, आणि अंगणात नळीनं वरून दहा मिनिटं पाणी सोड. मग वरून पुसून उघड. कागद कुठं ओला आहे ते इथं सांग. माणूस आत नसताना कागद कोरडा राहिला तर शर्ट घामानं भिजला होता. मी बॅगा आणि रेनकोट शिवतो, तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी हेच करायला लावतो.

गोर्प_संभाजीनगर
कागदावरून आठवलं. जपानी डिझायनर कोसुके त्सुमुरा यांनी १९९४ मध्ये फायनल होम नावाचा ब्रँड काढला. त्यांच्या गाजलेल्या जॅकेटला ४४ खिसे होते, घर गमावलेल्या माणसानं त्यात वर्तमानपत्रं भरून ऊब मिळवावी म्हणून. त्याच वर्षी एरॉलसन ह्यू आणि मिकाएला साखेनबाखर यांनी अ‍ॅक्रोनिम ही डिझाइन कंपनी सुरू केली. आजच्या टेकवेअरचं वळण बरंचसं तिथून आलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘नुसतं दिसायला’ हा शब्द मला बोचतो. या कपड्यांत खिशाची जागाही विचार करून ठरलेली असते.

गोर्पकोर त्यापेक्षा वेगळं. तो शब्द २०१७ मध्ये अमेरिकेत एका लेखातून आला. गोर्प म्हणजे डोंगर चढणारे सोबत नेतात तो शेंगदाणे-मनुक्यांचा खाऊ. टेकवेअर काळं, शहरी, पट्ट्यांचं. गोर्पकोरमध्ये डोंगरावरचंच जॅकेट शहरात घालतात, शेवाळी, वाळूच्या, मातीच्या रंगांत. म्हैसमाळच्या पठारावर पावसाळ्यात उभं राहून बघा, बेसाल्टचा काळा आणि ओल्या गवताचा हिरवा हेच रंग समोर असतात. ते मला परके वाटत नाहीत.

वाळूज_शिफ्ट
नळीची परीक्षा केली. पाठीचा कागद कोरडा, काखेतला कोरडा, बाह्यांतला कोरडा. फक्त छातीच्या चेनीखाली चार बोटांएवढा डाग. पण एक दिसलं: खांद्यावर पाणी थेंब होऊन ओघळत नव्हतं, कापडात पसरून काळपट डाग पडत होते. बाकी ठिकाणी मोत्यासारखे थेंब. मी रोज सॅक लावतो.

नांदेडची_शिलाई
मग निदान झालं. जॅकेट फुटलेलं नाही. चेनीखालचा डाग चेनीवरच्या झाकणपट्टीखालून येतो, तो किरकोळ आहे. खांद्याचं महत्त्वाचं.

वरच्या कापडाला पाणी न धरणारा एक हात दिलेला असतो. खरी पाणी अडवणारी पातळ पापुद्र्यासारखी थर त्याच्या आत असते. सॅकचे पट्टे रोज घासले की तो वरचा हात तिथंच आधी उडतो. मग वरचं कापड पाणी पितं. आतली थर तरीही पाणी अडवते, पण वर पाण्याची चादर बसल्यावर घामाच्या वाफेला बाहेर जायला वाट राहत नाही. म्हणजे जॅकेट गळत नाही, पण तू आतून भिजतोस.

आणि हवेचं म्हणशील तर तो प्रश्न बरोबर आहे. वाफ आतून बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. युरोपातल्या आठ-दहा अंशांच्या पावसात हा फरक मोठा असतो. आपल्याकडं जुलैत पावसातही २५-२६ अंश आणि हवा पाण्यानं भरलेली. माझ्या हिशोबानं तिकडं वाफेला बाहेर ढकलणारा जोर आपल्यापेक्षा दीडपटीहून जास्त पडतो. घाम मात्र इथं जास्त. त्यामुळं लेबलवरचा ‘श्वास घेतं’ हा, म्हणजे वाफ किती बाहेर जाते ते सांगणारा, दुसरा आकडा आपल्याकडं अर्धवटच खरा उतरतो. त्यात कंपन्या तो आकडा वेगवेगळ्या चाचण्यांनी काढतात, उलट्या पेल्यात कापडाला पाणी टेकवून केलं की भलता मोठा येतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

आता उपाय. काखेत चेन असेल तर गाडीवर ती उघडी ठेव, त्याचा उपयोग कापडाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त होतो. आत सुती शर्ट नको, तो घाम धरून बसतो. जॅकेट पातळ साबणानं धू, कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात घालू नको. बोअरचं जड पाणी आणि पावडर यांचा थर कापडावर राहतो आणि तोच पाणी ओढतो, म्हणून दोनदा खळबळ. वाळलं की वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री फिरव, आधी आतलं सूचनांचं लेबल वाचून. मग थेंब टाकून बघ. खांद्यावर मोती झाले नाहीत तर फवाऱ्याचं औषध मिळतं, ते लावावं लागेल.

धारूरचा_मेंढका
समजलं. रुपयांचं माझं चुकलं. पण घोंगडीत हा घोळच होत नाही, ती सगळीकडून मोकळी असते.

नांदेडची_शिलाई
मोकळी असते म्हणूनच चालते, ते तुमचं खरं. पण मेंढरांमागं उभ्या माणसाला ती पुरते. पन्नासच्या वेगानं गाडीवर बसलं की वारा ती उडवतो, आणि दोन तास भिजली की तिचं ओझं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रस्त्यावरच्या रेनकोटात आणि शेलमध्ये फरकही आहे. त्या रेनकोटातून वाफ जराही जात नाही. स्वस्त कोटिंगचा माल मात्र आपल्या दमट-गरम हवेत पत्र्याच्या घरातल्या पेटीत ठेवला तर काही वर्षांत चिकट होऊन पापुद्रे निघतात. तसा आला की मी शिवायला घेत नाही, त्यावर शिवण बंद करायची टेप धरत नाही.

हिंगोली_लसीकरण
मी गावोगाव लसीकरणाला जाते. वाचताना माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला, खिसे. माझ्या एकाही कुर्त्याला नीट खिसा नाही. मोबाइल, पेन, नोंदवही, गाडीची किल्ली, सगळं पर्समध्ये, आणि लसीची पेटी खांद्याला. आमच्या आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा होता, बाईच्या कपड्याला कुणी दिला नाही. माझ्याकडं एक वॉटरप्रूफ जॅकेट आहे. त्याला बाहेरून दोन मोठे खिसे शिवून मिळतील का?

नांदेडची_शिलाई
ताई, जॅकेटला शिवू नका. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट, आणि आतून गरम टेप लावायचं मशीन गल्लीतल्या शिंप्याकडं नसतं. त्याऐवजी वरून घालायची बिनबाह्यांची खिशांची बंडी शिवून घ्या, जाड नायलॉनची. खिसे कमरेवर, बसल्यावर मांडीत येणार नाहीत असे. नोंदवहीचा खिसा छातीवर आडवा, झाकणाचा. पट्ट्यांची टोकं बसल्यावर लोंबणार नाहीत एवढीच ठेवा आणि कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या, नाहीतर ते उसवतं. ओढणीसारखा पट्टाही चाकात जातो, हे विसरू नका.

लातूर_ट्रक
आता माझं ऐका. मी रात्रीचा ट्रक चालवतो. पाऊस, संध्याकाळची वेळ, ओला डांबरी रस्ता राखाडी, आकाश राखाडी, आणि समोर राखाडी जॅकेटातला पोरगा. तो मला शेवटच्या क्षणी दिसतो. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो तेव्हा जी धडकी भरते, तीच. डोंगरातल्या रंगांचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा केबिनमध्ये बसून बघावं. पोपटी-पिवळं घाला.

गोर्प_संभाजीनगर
काका, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. पण रात्री चकाकणारी पट्टी दिवसा राखाडीच दिसते, आणि कितीतरी शेलवर ती असतेच. दिव्याचा उजेड पडला की ती उजेड येतो तिकडंच परत फेकते. म्हणजे फिके रंग ठेवूनही रात्री दिसता येतं. दिवसभर पोपटी घालून ऑफिसात बसायला मी तयार नाही.

लातूर_ट्रक
माझा दिवा त्या पट्टीवर पडला तर. आडव्या रस्त्यातून येणाऱ्यावर पडत नाही. आणि साडेसहाला, दिवे लागायच्या आधी, पट्टी मेलेलीच असते. त्या वेळी भडक रंगच दिसतो. तुमची पट्टी आठ वाजल्यानंतरची.

हिंगोली_लसीकरण
मग माझी बंडी पोपटी शिवते. खाली जॅकेट काळंच राहू दे.

गोर्प_संभाजीनगर
गाडीवर चढताना वरून घालून उतरताना घडी करायची, हे मला जमेल. पण जॅकेटच पोपटी असावं हे अजूनही पटत नाही.

लातूर_ट्रक
घडी करून खिशातच राहते, बाळा. माझ्या पोराच्या हेल्मेटाचं तेच झालं.

वाळूज_शिफ्ट
इस्त्री केली. डाव्या खांद्यावर मोती आले, उजव्यावर नाहीत. सॅक मी उजव्या खांद्यावर एकट्यावरच अडकवतो, हे आता लक्षात आलं. काखेच्या चेनी उघडून काल आलो, शर्ट पाठीला ओला, हातांना कोरडा. औषध मागवलंय. बंडीचं माप कुणाकडं असेल तर द्या, छाती ४०.