सगळेच पर्याय चुकीचे निघतात तेव्हा तुम्ही काय करता? अनुभव लिहा

रफवही

गेल्या महिन्यातल्या परीक्षेत पुढील प्रश्न होता: x² − 5x − 6 = 0 या समीकरणाची मुळे कोणती? पर्याय असे होते: (1) 2 आणि 3, (2) −2 आणि −3, (3) 1 आणि 6, (4) −6 आणि 1. माझे उत्तर 6 आणि −1 आले. मी ते तीनदा सोडवले, तिन्ही वेळा तेच आले, आणि तरीही चूक माझीच असणार या भीतीने मी त्या एका प्रश्नाला सात मिनिटे दिली. परिणामी शेवटचे दोन प्रश्न वाचायचेच राहिले, आणि ते दोन्ही सोपे होते असे नंतर कळले. असा प्रसंग इतरांवरही आला असेल, तेव्हा त्या क्षणी आपण काय केले ते लिहावे.

शेवटचा बाक

यात अडचण कुठे आहे ते मला समजले नाही. पर्याय 4 बरोबर आहे. मुळे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालतात.

रफवही

क्रम बदललेला नाही, चिन्हे बदललेली आहेत. समीकरणात x च्या जागी 1 ठेवून पाहा: 1 − 5 − 6 म्हणजे −10 येते, शून्य येत नाही.

सावली

माझ्या बाबतीत प्रश्न निर्दोष होता, दोष माझ्या नजरेत होता. दोन नळ टाकी भरतात, तिसरा ती रिकामी करतो, अशा गणिताचे उत्तर मला 4.8 तास आले आणि पर्याय तास-मिनिटांत होते. मी 4 तास 80 मिनिटे शोधू लागले, तसा पर्याय नव्हता, आणि प्रश्न चुकला आहे असे ठरवून 4 तास 8 मिनिटे या पर्यायावर खूण केली. खालीच 4 तास 48 मिनिटे छापलेले होते. तेव्हापासून उत्तर जुळले नाही की मी आधीची आकडेमोड तपासत नाही, तर ती हाताने झाकते आणि प्रश्न शब्दागणिक बोट ठेवून पुन्हा उतरवून घेते. आपलीच आकडेमोड पुन्हा वाचताना डोळ्यांना तेच दिसते जे पहिल्यांदा दिसले होते. त्रिज्या की व्यास, "आहे" की "नाही", वर पाच प्रश्नांसाठी मिळून एखादी सूचना दिली आहे का, एवढेच पाहायचे असते.

जुना प्राश्निक

मी बरीच वर्षे प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. चुकीचे पर्याय कोणी मनाला येतील तसे लिहीत नाही. आधी बरोबर उत्तर ठरते आणि मग विद्यार्थी कुठे घसरेल याचा अंदाज घेऊन त्याच्याभोवती चकवे रचले जातात. त्यामुळे प्रश्नाचा मजकूर बिघडला तरी मूळ प्रश्न काय होता याचा माग पर्यायांत उरतो.

रफवहींचेच उदाहरण घेऊ. छापलेल्या समीकरणाच्या मुळांची बेरीज 5 आणि गुणाकार −6 हवा. पर्याय 1 मध्ये बेरीज 5 आहे आणि गुणाकार 6, म्हणजे एकच अट मोडते, तीही केवळ चिन्हाने. पर्याय 2 मध्ये बेरीज −5 आणि गुणाकार 6, तर पर्याय 3 मध्ये बेरीज 7 आणि गुणाकार 6. या दोहोंत दोन्ही अटी मोडतात, म्हणून ते बाजूला ठेवावेत. माझ्या मते मूळ प्रश्न x² − 5x + 6 = 0 असा होता आणि टंकताना अधिकाचे उणे झाले. 2 आणि 3 या उत्तराभोवती −2 आणि −3 हा चिन्हाचा चकवा, 1 आणि 6 हा अवयव चुकवणाऱ्यासाठीचा चकवा, अशी रचना नीट जुळते.

उणे एक

आपण पर्याय 4 वगळलात. त्यात गुणाकार −6 बरोबर आहे आणि बेरीज 5 ऐवजी −5 आहे, म्हणजे तिथेही एकच चिन्ह मोडते. शिवाय प्रश्नाचा मजकूर अचूक असून पर्यायात "6 आणि −1" चे उणे भलत्या आकड्याला चिकटले, असेही असू शकते. मग 2 आणि 3 हा शेवटच्या पदाचे चिन्ह न पाहणाऱ्यासाठीचा चकवा ठरतो.

जुना प्राश्निक

हरकत मान्य आहे, पर्याय 4 माझ्या नजरेतून सुटला. कल अजूनही पर्याय 1 कडेच आहे, पण आता पैज लावणार नाही. प्रश्नपत्रिका दोन भाषांत असती तर दुसऱ्या भाषेतला तोच प्रश्न पाहून दहा सेकंदांत निकाल लागला असता. अनुवादात शब्द बिघडतात आणि टंकनात चिन्हे, पण दोन्ही मजकुरांत नेमकी तीच चूक क्वचितच होते. घातांकाच्या बाबतीत हे विशेष पाहावे, कारण 10⁻³ मधला वरचा आकडा खाली उतरला की 10-3 असे दिसते आणि वाचणारा सरळ वजाबाकी करतो. आपले उत्तर एखाद्या पर्यायाच्या बरोबर हजारपट आले, तर मात्र आधी एकके तपासावीत.

नाणेफेक

अमेरिकेतील सॅट परीक्षेत मे 1982 मध्ये असा एक प्रश्न आला होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्या वर्तुळाच्या एक तृतीयांश आहे, आणि लहान वर्तुळ मोठ्याभोवती बाहेरून घरंगळत सुरुवातीच्या जागी परत येते, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरेल? पर्याय 3/2, 3, 6, 9/2 आणि 9 असे होते. खरे उत्तर 4 आहे. तीन विद्यार्थ्यांनी पत्रे लिहून ते दाखवून दिले, प्रश्न वगळावा लागला आणि सुमारे 3 लाख परीक्षार्थींचे गुण नव्याने काढावे लागले.

शेवटचा बाक

पण परीघ तिप्पट आहे, मग उत्तर 3 च यायला हवे.

नाणेफेक

सरळ रेषेवर घरंगळले असते तर 3 च आले असते. एकसारखी दोन नाणी टेबलावर चिकटवून ठेवा, एक दाबून धरा आणि दुसरे त्याच्याभोवती न घसरू देता फिरवा. आपल्या हिशेबाने पूर्ण वाटेत एक फेरी व्हायला हवी, पण अर्ध्या वाटेवर, म्हणजे अगदी समोरच्या बाजूला पोचताच, नाण्यावरचे चित्र पुन्हा सरळ उभे दिसते. वाट स्वतःच गोल असल्यामुळे एक फेरी वाढते, म्हणून तिथे 3 चे 4 होतात. ज्याला 4 आले त्याने परीक्षेत काय करावे, याचे माझे उत्तर असे, की 3 वर खूण करावी, कारण काढणाऱ्याच्या मनात 3 आहे हे उघड दिसते, आणि भांडण घरी येऊन करावे.

उणे एक

याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. चुकीचे ठाऊक असलेले उत्तर नोंदवायला माझा हात उचलत नाही. हिशेब मात्र आपल्या बाजूने आहे, हे मान्य करतो. बरोबरला 1 गुण आणि चुकीला एक तृतीयांश वजा असेल, तर दोन पर्यायांतून अंदाज केल्यास सरासरीने एक तृतीयांश गुण पदरात पडतो, चारांतून डोळे मिटून केल्यास शून्य.

खोडरबर

भांडण घरी येऊन करावे म्हणता, पण त्यासाठी लागणारे कागद परीक्षागृहातूनच आणावे लागतात. एकदा मी हरकतीत "सर्व पर्याय चुकीचे आहेत" एवढेच लिहिले आणि ती फेटाळली गेली. पुढच्या वेळी संच कोणता, त्यातला प्रश्न क्रमांक, छापलेला मजकूर जसाच्या तसा आणि प्रत्येक पर्याय समीकरणात ठेवून येणारी किंमत, असे चार ओळींत लिहिले, ती मान्य झाली. प्रश्नपत्रिका परत घेतात तिथे काय करावे, हे मला अजून सुचलेले नाही.

रफवही

मी हरकत पाठवली होती. अंतिम उत्तरतालिकेत त्या प्रश्नासमोर फक्त "रद्द" असे छापले आहे, त्यामुळे काढणाऱ्याच्या मनात पर्याय 1 होता की 4, हे कळायला मार्ग नाही. गुण सर्वांना मिळाला, पर्याय 1 वर वीस सेकंदांत खूण करून पुढे गेलेल्या माझ्या मैत्रिणीलाही. तिने ते शेवटचे दोन्ही प्रश्न सोडवले होते.