एक दिवसाआड स्टेरॉइड: पॉलिमायाल्जियात फायदा की फसगत?

लेक_थोरली: आईचं वय 67. खांदे आणि कंबर जखडणारा आजार आहे, पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिका. 15 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर सुरुवात झाली, त्याला 14 महिने झाले. 6 पर्यंत डोस नीट उतरतो, 5 केलं की पुन्हा दुखणं. असं दोनदा झालं. एक डॉक्टर म्हणतात 12 मिलिग्रॅम एक दिवसाआड द्या, दुसरे म्हणतात मेथोट्रेक्सेट जोडा. तुमचं मत काय?

निशिगंध: एक दिवसाआड द्या, बिनधास्त. माझ्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, लघवीतून प्रथिन जातं. त्रास उलटला की रोज डोस सुरू होतो, सकाळच्या लघवीत सलग तीन दिवस प्रथिन शून्य आलं की लगेच एक दिवसाआडवर नेतात आणि तसाच चार आठवडे चालवतात. पट्टी बुडवायची, रंग बदलला नाही की वहीत शून्य लिहायचं, हे आमचं रोजचं काम. चेहऱ्यावरची सूज उतरली, भूक आवरली, उंचीही पुन्हा वाढायला लागली. मुलांना झेपतं तर मोठ्यांना का नाही झेपणार?

संधिवात_ओपीडी: निशिगंध, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो त्या आजाराचा आहे. प्रेडनिसोलोन रक्तातून काही तासांत उतरतं, त्याचा परिणाम मात्र साधारण 12 ते 36 तास राहतो. सकाळी एकदम 48 तासांचा डोस दिला की दुसऱ्या दिवसाच्या शेवटी शेवटी शरीर औषधाच्या दाबातून सुटतं आणि अधिवृक्क ग्रंथींना स्वतः काम करायला वाव मिळतो. एक दिवसाआडचा सगळा फायदा त्या मोकळ्या तासांत आहे. त्याच तासांत आजार गप्प बसणार असेल तरच तो पदरात पडतो. नेफ्रोटिकमध्ये बहुतेकदा बसतो, स्नायू थकवणाऱ्या मायस्थेनियातही ही पद्धत वापरात आहे. पॉलिमायाल्जिया मात्र रोज पहाटे उठून बसणारा आजार. त्यातली दाहक रसायनं रात्रीतून चढतात आणि सकाळी खांदे, कंबर जखडलेली असते. मोकळ्या दिवसानंतरच्या पहाटे औषध जवळजवळ संपलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याचं काम असतं.

याच कुळातल्या, धमन्यांना सूज आणणाऱ्या जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये हे तपासून झालंय. 1975 साली मेयो क्लिनिकच्या मंडळींनी 60 रुग्णांचे तीन गट केले: 15 मिलिग्रॅम दर आठ तासांनी, 45 रोज सकाळी, आणि 90 एक दिवसाआड सकाळी. एकूण मात्रा तिन्हीकडे सारखीच. एक दिवसाआडच्या गटात आजार सर्वांत कमी आटोक्यात आला. म्हणून 12 मिलिग्रॅम एक दिवसाआड मी देणार नाही. हाडं वाचतील अशी आशा असेल तर तीही फारशी धरू नका, या पद्धतीत हाडांची झीज थांबत नाही.

सावकाश_चाल: माझं मत वेगळं. मी स्वतः पॉलिमायाल्जियातून गेलोय आणि एक दिवसाआडनेच सुटलो! एक दिवस 6, एक दिवस 5, असं तीन आठवडे. मग रोज 5. मग 5 आणि 4. दोन वर्षं लागली, पण एकदाही उलटलं नाही. मेथोट्रेक्सेटच्या वाटेला जाऊ नका ताई, यकृताची वाट लागते.

संधिवात_ओपीडी: सावकाश दादा, तुम्ही केलंत ते मला पटतं, पण त्याला एक दिवसाआड म्हणू नका, गोंधळ होतो. तुम्ही एकही दिवस रिकामा सोडला नाहीत. ते अर्ध्या मिलिग्रॅमने उतरणं झालं. आणि खालच्या टप्प्यात तेच हवं. 15 वरून 14 म्हणजे सात टक्के कपात, 6 वरून 5 म्हणजे जवळपास सतरा, 2 वरून 1 म्हणजे थेट निम्मं. दर वेळी एकच मिलिग्रॅम कमी करतोय म्हणून पायरी सारखी वाटते, शरीराला ती दर वेळी उंच होत जाते.

लेक_थोरली, 5 वर नक्की काय होतं? "दुखणं" यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

लेक_थोरली: दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात. सकाळी केस विंचरायला हात वर जात नाही, कंगवा मी धरते. पलंगावर कूस बदलताना ओरडते. अकरापर्यंत सुटते. रक्तातली दाह दाखवणारी तपासणी, सीआरपी, 4 होता, 31 झाला.

संधिवात_ओपीडी: मग हा आजारच उलटलाय. नुसता डोस उतरल्याचा त्रास असता तर दिवसभर गळाठा, मळमळ, भूक नाही, अंगभर मोघम ठणका, आणि सीआरपी जागच्या जागी, असं चित्र दिसलं असतं. दोन्ही एकत्रही येतात, पण इथे खांदे आणि सीआरपी एकच सांगताहेत.

तिच्या डॉक्टरांशी बोलताना हा क्रम विचारून बघा: उलटण्याआधीच्या डोसवर, म्हणजे 6 वर परत, तेवढ्याने सुटलं नाही तर थोडं वर. महिना-दोन महिन्यांत पुन्हा 5 पर्यंत, पण दादांच्या पद्धतीने. आणि त्याच वेळी मेथोट्रेक्सेट. दोनदा उलटलं, 14 महिने झाले, तेव्हा स्टेरॉइड वाचवणारं औषध आणायची वेळ झाली असं मला वाटतं. या आजारात आठवड्याला 7.5 ते 10 मिलिग्रॅम देतात. ते लागू पडायला दोन-तीन महिने जातात. गोळी सुरू केली आणि पुढच्याच आठवड्यात स्टेरॉइड खाली ओढलं की तिसऱ्यांदा उलटतं, आणि दोष मेथोट्रेक्सेटला लागतो. हे मी फार वेळा पाहिलंय.

औषधवाली: मी फार्मसीत काम करते, म्हणून एकच गोष्ट जीव तोडून सांगते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. रोज घेतलेली माणसं तोंड सोललेलं आणि पांढऱ्या पेशी पडलेल्या अवस्थेत आमच्याकडे आलीत. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींची तपासणी आधी आणि नंतर ठरावीक अंतराने. तपासण्या चुकवल्या नाहीत तर यकृत बिघडायला लागल्याचं बहुतेकदा वेळेत कळतं, सावकाश दादा. आणि स्टेरॉइडची गोळी आतड्यात विरघळणारी, लेप दिलेली असेल तर अर्धी करू नका, साध्या 1 मिलिग्रॅमच्या गोळ्या मागा.

सावकाश_चाल: चौदा महिने म्हणजे काही फार नाही. मला दोन वर्षं लागली. 67 व्या वर्षी आणखी एक औषध, आणखी रक्ततपासण्या, कशासाठी? आणि पॉलिमायाल्जियात मेथोट्रेक्सेटचे पुरावे तरी कुठे एकमुखी आहेत?

संधिवात_ओपीडी: एकमुखी नाहीत, हे मान्य. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. सॅरिलुमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली, पण त्या चाचणीतही वर्षाअखेर टिकाऊ आराम 28 टक्क्यांना होता, नुसत्या स्टेरॉइडवर 10 टक्क्यांना. रामबाण काहीच नाही. माझा कौल ठरतो तो साखर, हाडांची घनता आणि डोळ्यांवर. त्या तिन्ही ठीक असतील तर तुमच्या वाटेने सहा महिने थांबणंही चूक नाही.

एक मात्र थांबण्याचं नाही: नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, किंवा नजर अंधुक होणं. ही त्या जायंट सेल आर्टेरायटिसची चिन्हं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना, डोस आपल्या मनाने वाढवून घरी बसायचं नाही.

लेक_थोरली: डोकं, जबडा, नजर ठीक आहे. साखर गेल्या तीन महिन्यांत चढलीय, एचबीए1सी 5.9 वरून 6.8. हाडांची तपासणी कधी झालीच नाही, सोमवारी मागते. 12 एक दिवसाआड नको, हे नक्की ठरवलं. मेथोट्रेक्सेटचं हाडांचा अहवाल पाहून ठरवू, आईला अजून पटलेलं नाही.